सशाची दाद

सासरे निवृत्त झाले आणि आम्ही गिरगावातून मीरा रोडच्या शांती नगरात राहायला आलो, तेव्हा त्यांचे श्रोते तिकडेच राहिले. चाळीत ते संध्याकाळी पेटी घेऊन बसले की शेजारीपाजारी दारात यायचे. त्यातले निम्मे ‘आता पुरे’ म्हणायला यायचे, पण सासऱ्यांच्या लेखी तेही श्रोतेच. इथे सगळ्यांची दारं बंद. सासूबाई भाजी निवडत असायच्या, मी स्वयंपाकघरात, आणि आमचे हे सातच्या पुढे यायचे, तेही मुद्दाम उशिराच, असा माझा संशय आहे.

अशात ह्यांच्या ऑफिसातल्या एकाची बदली झाली आणि त्याचा पांढरा ससा आमच्याकडे आला. पहिल्याच संध्याकाळी सासऱ्यांनी वरचा सा लावला, आणि सशाने कान ताठ करून मागचा पाय फरशीवर धाडकन आपटला. सासऱ्यांनी पेटी थांबवली.

“अगं, पाहिलंस? समेवर आला.”

त्यानंतर ससा रोज समेवर येऊ लागला. ताना जितक्या वर जात, तितका पाय जोरात. सासरे त्याच्यासाठी स्वतः बाजारातून कोथिंबीर आणायचे, ज्या माणसाने घरासाठी कधी मिरची आणली नव्हती. माझं डोकं उठायचं, पण त्यांचा चेहरा बघितला की बोलवत नसे.

सासूबाईंना मात्र वेगळीच काळजी लागली. गाणं संपलं, पेटी मिटली की ससा सतरंजीवर धावायचा आणि एकदम हवेत उडायचा. डोकं एकीकडे, धड दुसरीकडे, पाय झाडत. खाली यायचा आणि पुन्हा तेच.

“ह्याला फिट येते,” त्या म्हणाल्या. एकदा उडी झाल्या झाल्या त्यांनी सासऱ्यांची कोल्हापुरी चप्पल त्याच्या नाकाशी धरली. सशाने ती हुंगली, मग चपलेचा अंगठा कुरतडायला घेतला. तरी त्यांचं ठरलं होतं. फिटचं जनावर घरात नको, डॉक्टरांनी तसं सांगितलं तर रविवारी कुणाला तरी देऊन टाकायचं. सासऱ्यांचा उरलेला एकमेव श्रोता चालला होता.

म्हणून आम्ही तिघं सशाला टोपलीत घालून भाईंदर पूर्वेला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी ससा सगळीकडून तपासला. “उडी मारली की आडवा पडतो? पाय ताठ होतात? नंतर गुंगीत असतो?”

“छे. लगेच खायला लागतो,” मी म्हटलं.

“मग फिट नाही. ससे खूश झाले की अशीच उडी मारतात, अंग पिळून. काही आजार नाही त्याला.”

सासऱ्यांनी सासूबाईंकडे असं पाहिलं, जणू खटला जिंकला. “आणि तालाचं काय म्हणाल, डॉक्टर? समेवर पाय आपटतो.”

“पाय आपटतो तो घाबरून,” डॉक्टर टोपलीत बघत म्हणाले. “धोका वाटला की बिळातल्या बाकीच्या सशांना जमिनीतून इशारा देतो. कधी कधी नापसंतीही असते. मोठा आवाज होतो का घरात?”

मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी सासऱ्यांकडे.

“आणि उड्या साधारण कधी?”

“गाणं संपलं की,” सासूबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नसत. डॉक्टरांनी सासऱ्यांकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

रिक्षात मला हसू आवरेना, म्हणून मी सगळा रस्ता बाहेर बघत बसले.

ससा घरात राहिला. पेटी मात्र पलंगाखाली गेली. संध्याकाळी घर शांत, ससा खोलीभर उड्या मारतोय, आणि सासरे खिडकीशी बसून समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघतायत. हीच शांतता मी किती दिवस मागत होते. मिळाली तेव्हा अजिबात बरं वाटलं नाही.

एका संध्याकाळी सासूबाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं आणि सतरंजी झटकून पसरली.

“अहो, बसा. हळू म्हणा म्हणजे झालं.”

“त्याला आवडत नाही.”

“मला कधी विचारलंत?”

सासरे खिडकीपासून उठले आणि सतरंजीवर येऊन बसले. पेटी न घेता, खालच्या आवाजात, जवळजवळ गुणगुणत गायले. इतकं गोड ते कधी गायल्याचं मला आठवत नाही. सशाने कान उभारले, वाट पाहिली आणि मग मागचे पाय लांब सोडून सतरंजीवर पसरला.

गाणं संपलं तेव्हा तो उठला, धावला आणि हवेत अंग पिळून उडाला. गाणं आवडलं म्हणून की संपलं म्हणून, हे मी विचारलं नाही. सासऱ्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते सासूबाईंच्या मांडीकडे बघत होते, जिथे एक बोट अजून ताल धरून होतं.