सोपी लेवल

आमच्या ह्यांनी आयुष्यभर राजूर घाटात एसटी चालवली आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या अंगणात घसरून उजवं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर निघालं तरी बोटं आखडलेलीच. व्यायाम म्हटलं की कपाळाला आठ्या. मुलगा पुण्याला जाताना त्याचा गेमचा डबा घरीच ठेवून गेला होता, तो मात्र ह्यांनी आपणहून हाती घेतला. बोटं हलायला लागली. मी मारुतीला नारळ फोडला.

नारळ जरा घाईनंच फोडला. गेममधला तलवारवाला शिपाई सतत मरायचा. मेला की मागच्या थांब्यापासून सुरुवात, मारलेले शत्रू पुन्हा जिवंत आणि कमावलेले गुण मेल्या जागी सांडलेले. ते उचलायच्या आत पुन्हा मेला की तेही गेले. सोपं करायची सोय त्यात मुळीच नव्हती. एक दिवस ह्यांनी रिमोट उशीखाली कोंबला.

"माहा हातच मेला," म्हणाले. त्या दिवसापासून बोटं पुन्हा आखडू लागली आणि मला खरंच भीती वाटली.

मी त्यांना बुलडाण्यात गेमच्या जुन्या सीडी बदलून देणाऱ्या दुकानात नेलं. दुकानदारानं दोन सीडी काढल्या. "काका, याच्यात मेले की दर वेळी अंगात थोडी जास्त ताकद येते, पण ते मेनूत चालू करा लागते. अन् याच्यात लेवल हाय. सोपी ठेवली की शत्रूचा मार कमी लागते, वार अडवायले टाइम जास्त भेटते. मधातच बदलता येते."

"सोपी ठेवा ना, त्यात काय लाज?" मी म्हटलं.

"काऊन? मी काय लुळा झालो?" हे भर दुकानात कडाडले. पण दुसरी सीडी पिशवीत पडली.

आठवडाभरात नव्या गेममधला मोठा राक्षस पडला. ह्यांचा देऊळघाटच्या भावाला फोन गेला, "सगळ्यात अवघड लेवलवर मारला बे!" हे आंघोळीला गेल्यावर मी मेनू उघडून पाहिला. लेवल सगळ्यात सोपी. मी गुपचूप बंद केला. एवढा आनंद मला त्यांच्या खऱ्या विजयानंही झाला नसता.

मग एका दुपारी रिमोट माझ्या हातात आला. "खेळून पाह्य. लय सोपं हाय." मी चहा ओतत होते तेव्हा ह्यांनी मेनूत काहीतरी केलं होतं. पहिल्याच शत्रूनं मला एका फटक्यात लोळवलं. पाचदा लोळवलं.

"लेवल कमी करून देऊ? त्यात काय लाज?"

"काही गरज नाई! माहा हात धडधाकट हाय!" मी ओरडले आणि जीभ चावली. वाटलं, आता रिमोट परत उशीखाली जाणार.

ते हसले. "हाताचं काय घेऊन बसली? मी त सोपीवरच खेळतो."

आणि आखडलेल्या उजव्या अंगठ्यानं त्यांनी माझ्यासाठी बटण दाबलं.