तीन ओळींचं उत्तर

औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी बी.एस्सी.च्या गणिताचे क्लास घ्यायचो. करमाडहून एसटीनं येऊन शिकलो, कुणाच्या ओळखीनं नाही. म्हणून की काय, भाव केल्याशिवाय मला काही घेता येत नाही आणि कुणी उलट बोललं की डोकं तापतं. या शहरात माझ्या मनात एकच काटा सलत होता. शेवटच्या वर्षाच्या पेपरात आम्हाला गणिती विश्लेषण शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी माझ्या एका उत्तरावर लाल शाईत 'कारण?' एवढंच लिहिलं आणि पाचांपैकी शून्य दिलं. त्या पाच मार्कांनी माझा फर्स्ट क्लास हुकला आणि कॉलेजातली नोकरी मिळायची राहिली. पुढं वीस वर्षं मी प्रत्येक बॅचला तेच उत्तर शिकवत राहिलो. माझंच बरोबर होतं, हे मला कुणाला तरी दाखवायचं होतं.

प्रश्न असा : शून्य ते एक या अंतरात एक्सच्या एन घाताचं इंटिग्रल घ्या, एन अनंताकडं नेला की ते शून्याकडं जातं हे सिद्ध करा. इंटिग्रल न काढता, स्क्वीझ वापरून. काढायचं म्हटलं तर उत्तर एक भागिले (एन अधिक एक), ते पोरगंही सांगेल. पण तशी सूट नाही. वरून आणि खालून दोन किमतींत दाबून दाखवायचं.

माझं उत्तर तीन ओळींचं. एक्स एकपेक्षा लहान असेल तर एक्सचा एन घात शून्याकडं जातो. उरला फक्त एक हा बिंदू, एका बिंदूला क्षेत्रफळ नसतं. म्हणून इंटिग्रल शून्याकडं. स्क्वीझचं नाव शेवटी टाकायचं.

एका वर्षी पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, घरात शिकणारी ती पहिलीच. वडिलांनी ठरवून टाकलं होतं, एम.एस्सी. करायचं तर इथल्याच विद्यापीठात, दुसऱ्या गावी पाठवणार नाही. म्हणजे इथल्या प्रवेशाच्या यादीत नाव आलं तर आलं.

मी तिसरी ओळ लिहिली तसा तिचा हात वर गेला.

"सर, पण असं म्हणता येत नाय ना?"

"का नाय?"

"एक्सचा एन वजा एक घात घेतला आणि त्याला एननं गुणलं, तर एकच्या अलीकडं तेही शून्याकडंच जातं. पण त्याचं क्षेत्रफळ दर वेळी एकच येतं. मग प्रत्येक बिंदू शून्याकडं गेला म्हणून क्षेत्रफळ शून्याकडं जाईल, हे कसं?"

मी खडू ठेवला. तिचं बरोबर आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणायला फार आवडलं असतं. उदाहरण मी मनातल्या मनात तपासलं होतं, ते चोख होतं.

"लई शहाणी झालीस व्हय? पेपर तू तपासणार का मी? बाहेर विद्यापीठात जाऊन शिकव."

मागून कुणीतरी हसलं. मग मी तिला ती तीन ओळींची सिद्धता दहा वेळा लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं आणली. सुवाच्य अक्षर, एकही चूक नाही. त्याखाली छोट्या अक्षरात लिहिलं होतं, 'सर, माझा मार्ग पाहाल का?' मी पान उलटलं आणि पुढच्या प्रश्नाला लागलो.

नेमका तो प्रश्न त्या वर्षी पेपरात आला.

निकालात ती दोन मार्कांनी यादीबाहेर राहिली. पुनर्तपासणीसाठी तिनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढली आणि ती घेऊन क्लासवर आली. त्या प्रश्नाला पाचपैकी शून्य होतं.

"सर, तुम्ही बघा. काही मिळण्यासारखं आहे का?"

आधी माझ्या तीन ओळी दिसल्या. मग त्यांच्या वर, पट्टीनं एक सरळ रेघ मारून खोडलेलं अर्धं पान. ते संपलं तसं मी पुन्हा वरून वाचायला घेतलं.

तिनं एक लहान धन संख्या घेतली होती, एप्सिलॉन. शून्य ते एक हा पट्टा एक वजा एप्सिलॉनला तोडला. डाव्या तुकड्यात एक्सचा एन घात सगळ्यात मोठा उजव्या टोकाला, म्हणजे एक वजा एप्सिलॉनच्या एन घाताएवढा, आणि रुंदी एकपेक्षा कमी. म्हणून ते क्षेत्रफळ त्या किमतीपेक्षा जास्त नाही. उजवा तुकडा एप्सिलॉन रुंद, उंची एकच्या वर जात नाही, म्हणून तिथं फार तर एप्सिलॉन. इंटिग्रल खालून शून्यानं आणि वरून या दोघांच्या बेरजेनं दाबलेलं. एन वाढला की पहिली किंमत संपते, मागं एप्सिलॉन उरतो, आणि तो हवा तितका लहान घेता येतो. सिद्ध.

पूर्ण पाच मार्कांचं उत्तर. आणि खोडलेलं तपासत नाहीत.

मी म्हणालो, "बघतो."

दुसऱ्या दिवशी झेरॉक्स घेऊन मी आमच्या त्या जुन्या प्राध्यापकांकडं गेलो. निवृत्त झाले होते, पण त्यांच्या शब्दाला विभागात वजन होतं. मनात हिशेब असा की माझ्या तीन ओळी बरोबर आहेत असं त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं. गेल्या गेल्या घासाघीस सुरू केली.

"सर, पाच नका, तीन द्यायला सांगा. निदान दोन. पोरीचं वर्ष जातंय."

त्यांनी चष्मा लावून दोन्ही उत्तरं वाचली. खोडलेलं आधी.

"हे कुणी शिकवलं तिला?"

"तिनंच केलं."

"आणि खालचं?"

मी झेरॉक्स परत घ्यायला हात पुढं केला.

"अजून तेच का रे तुझं? बिंदू शून्याला गेले म्हणून क्षेत्रफळ गेलं, याला कारण पाहिजे. मी तुला लिहिलं होतं ना, कारण? विचारायला यायचं होतंस. आला असतास तर हेच दाखवलं असतं."

"तुम्ही बोलावलं का नाही?" मी तडकून म्हणालो. आवाज चढला तसा त्यांचा नातू आतून डोकावला.

"चूक माझी धर," ते म्हणाले. "पण तिची कुठाय?"

पुनर्तपासणीचा निकाल आला, बदल नाही. यादी बंद झाली. ती गल्लीतल्या शाळकरी पोरींना घरी शिकवायला लागल्याचं कळलं, तेव्हा तिच्याकडं जायचं ठरवलं. तिला एवढंच सांगायचं होतं की तिचा मार्ग बरोबर होता, तिनं वर्गात विचारलं तेव्हाही मला ते माहीत होतं.

दुकानामागच्या खोलीत तिच्या वडिलांनी खुर्ची पुसली. "बैठो सर, चाय पीके जाव. तुमच्यामुळंच एवढी शिकली पोरगी." मी कपाकडं बघत राहिलो.

ती आतून आली. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "सर, चूक माझीच. शेवटची दहा मिनिटं उरली आणि वाटलं, सर सांगतात तेच बरोबर असेल. मीच खोडलं."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला उलट बोलता आलं असतं, मी त्यात तरबेज आहे. वडिलांनी मान डोलावली, "घाईचा स्वभाव आहे तिचा." मी चहा संपवला, "पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भर," म्हणालो आणि बाहेर पडलो.

औरंगपुऱ्यात पोचेपर्यंत मी तीनदा परत फिरलो, आणि तीनही वेळा स्वतःशीच भाव करून पुढं निघालो : आज नको, तिच्या वडिलांसमोर नको, पुढच्या वर्षी तिचं नाव लागलं की सांगू. क्लासमध्ये पोरं वाट बघत होती. मी फळ्यावर तोच प्रश्न लिहिला, पट्टा एक वजा एप्सिलॉनला तोडला आणि तिचा मार्ग शिकवला. "सर, हे कुठल्या पुस्तकात आहे?" एकानं विचारलं.

"माझंच आहे," मी म्हणालो.