बाटलीवरचा आकडा

आमच्या कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेतल्या सहायक बाईंना मुलं थेंबमावशी म्हणतात. ब्युरेटमधून एक थेंब जास्त पडला तर तो मुलांना कळत नाही, मावशीला पाठमोरी असूनही कळतो. मी शेजारच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेच काम करतो, त्यामुळे तिचं कौतुक करायला मला जरा जडच जातं. पण खरं ते खरं.

चोवीस वर्षं तिने बाटल्या भरल्या. मधली पाच वर्षं बाहेरून परीक्षा देत पदवी घेतली. आणि मग प्रयोग शिकवणाऱ्या निदेशकाची जागा निघाली. पगाराची गोष्ट मी काढत नाही. तिला खडू हातात हवा होता. अट एकच होती, एका प्रयोगावर सादरीकरण द्यायचं आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. वयाची पंचेचाळीस पूर्ण झाली की अर्ज करता येत नव्हता, आणि तिला तीन महिने उरले होते. ही संधी गेली की कायमची गेली, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

तिने अभिक्रियेचा वेग हा विषय घेतला. प्रयोग साधा आहे. फ्लास्कखाली कागदावर फुली काढायची, फ्लास्कमध्ये थायोसल्फेटचं द्रावण घ्यायचं, त्यात आम्ल ओतायचं. गंधक तयार होऊन द्रव गढूळ होतो आणि वरून बघता बघता फुली दिसेनाशी होते. त्याला किती सेकंद लागले ते मोजायचं. द्रव जितका गरम, तितकी फुली लवकर जाते.

याच प्रयोगात तिची मान अडकलेली होती, आणि ते जगात फक्त मला ठाऊक होतं.

विभागप्रमुखांनी, म्हणजे आमच्या मोठ्या सरांनी, या प्रयोगाचं एक पान लिहिलं होतं. त्यात थायोसल्फेट ०.१५ मोलर घ्या असं होतं. तेवढ्या दाट द्रावणात पंचावन्न अंशांना फुली तीन सेकंदांत जायची. मुलाचा अंगठा घड्याळावर एक सेकंद उशिरा पडला की आकडा कुठल्या कुठे. मोठे सर मुलांवर चिडायचे, वेंधळी म्हणायचे, मार्क कापायचे. मावशी एकदा त्यांना सांगायला गेली, तर ते म्हणाले, "मावशी, तुम्ही बाटल्या भरा. रसायनशास्त्र आम्ही बघतो."

मग तिने बाटल्या भरल्या. पण दहा मिली थायो आणि चाळीस मिली पाणी या हिशेबाने, पाचपट पातळ. बाटलीवरची चिठ्ठी मात्र जुनीच ठेवली, ०.१५ ची. त्या वर्षीपासून मुलांचे आलेख सरळ यायला लागले. मोठ्या सरांनी ते पान काचेत घालून भिंतीवर लावलं. अकरा वर्षं झाली त्याला. चहा पिताना तिने हे मला हसत सांगितलं होतं आणि मीही हसलो होतो. तेव्हाच एक फटका द्यायला हवा होता, तिला नाहीतर मला.

सादरीकरणाच्या दिवशी प्रोजेक्टर चालवायला मी होतो. समोर तिघं: प्राचार्य, मोठे सर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. तापमान आणि वेग जोडणारं आऱ्हेनियसचं समीकरण मावशीने लेकीकडून दोन आठवडे घोकून घेतलं होतं. ते तिने एका दमात म्हटलं. घाम पुसला.

"समीकरण पुस्तकात आहे, ते राहू द्या," परीक्षक बाई म्हणाल्या. "दर वेळी एकूण द्रव तेवढाच का घेतलात?"

मावशी म्हणाली, "फुली वरून बघायची असते, बाई. द्रव जास्त खोल असला तर कमी गंधकातही फुली झाकली जाते. मग आपण वेग नाही, खोली मोजत बसतो."

"आम्ल वेगळं का तापवलंत?"

"गरम थायोत गार आम्ल ओतलं की तापमान उतरतं. आपण लिहितो पंचावन्न आणि असतं पन्नास. म्हणून दोन्ही तापवते आणि मिसळल्यावर परत थर्मामीटर बघते."

बाईंनी मान हलवली. मला वाटलं, जिंकली आता.

"आणि ०.१५ मोलरच का?"

मावशीने मागे वळून पाहिलं. पडद्यावर तो आकडा ठळक होता. मोठ्या सरांच्या डोळ्यांसमोर दुसरा आकडा लिहायची तिची छाती झाली नव्हती. पण सेकंद मात्र तिने खरे, पातळ द्रावणाचे, लिहिले होते. चिठ्ठी खोटी ठेवणारी ही बाई निरीक्षण खोटं लिहायला धजली नाही, आणि तिथेच फसली.

बाई पडद्याकडे बघत होत्या. "पंचवीस अंशांना एकशेवीस सेकंद लिहिलेत. ०.१५ ला साधारण चोवीस-पंचवीस यायला हवेत. हे आकडे कुठून उतरवलेत?"

खोलीची खिडकी बंद होती. एक आकडा खोटा होता, आणि दोन्हींखाली तिचीच सही. सेकंद उतरवलेत म्हणावं तर चोर ठरणार. बाटली खोटी म्हणावं तर अकरा वर्षं बाहेर येणार, आणि ज्यांचं पान तेच समोर बसलेले. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी प्रोजेक्टरची वायर नीट करत बसलो. ती नीटच होती. याची मला आजही लाज वाटते.

"सेकंद खरे आहेत," ती हळू म्हणाली. "द्रावण पाचपट पातळ आहे. थायो पाचपट कमी, म्हणून वेळ पाचपट. बाटलीवर चुकीचं लिहिलंय. मीच."

मोठे सर ताठ झाले. "कधीपासून?"

"अकरा वर्षं, सर."

"का?" हे परीक्षक बाईंनी विचारलं, आणि त्या पुढे वाकल्या.

"तीन सेकंदांत एका सेकंदाची चूक म्हणजे तिसरा हिस्सा गेला. पातळ केलं की सोळा लागतात, त्यात तेवढीच चूक चालून जाते. मुलं वेंधळी नव्हती, बाई. वेळ अपुरा होता."

"मग दहापट पातळ का नाही केलंत?"

"करून बघितलं. पंचवीसला चार मिनिटं लागतात. फुली इतकी सावकाश धूसर होते, की कधी गेली यावर दोघांचं एकमत होत नाही. आणि गरम फ्लास्क तोवर निवायला लागतो."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "अटी का निवडल्या हे इतकं नेमकं मला फार कमी जणांनी सांगितलंय," त्या म्हणाल्या.

तिला उमेदवारांत सगळ्यात जास्त गुण मिळाले. जागा मिळाली नाही. प्रयोगशाळेत चुकीची चिठ्ठी लावणं हा नियमभंग आहे, आणि तो तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केला होता. नियमावर बोट ठेवायला मोठ्या सरांना आवाजही चढवावा लागला नाही. मला राग येतो तो याचा, की नियम बरोबर होता. चिठ्ठी खोटी नकोच. पण ज्या माणसाने तिचं ऐकलं नाही, त्याच्यासाठी कुठल्याच पुस्तकात नियम नव्हता.

ते तीन महिने गेले. तिला पंचेचाळीस पूर्ण झाली.

नव्या सत्रात भिंतीवर नवीन पान लागलं, खाली मोठ्या सरांचं नाव. थायोसल्फेट ०.०३ मोलर. शेवटी मुलांसाठी एक प्रश्न: द्रावण इतकं पातळ का घेतलं? आणि त्याखाली नमुना उत्तर: तीन सेकंदांत एका सेकंदाची चूक म्हणजे तिसरा हिस्सा. शब्द न् शब्द तिचा.

परवा मी थर्मामीटर मागायला गेलो, तर ती चिठ्ठ्या चिकटवत होती. आता आकडा खरा होता. एक मुलगी फ्लास्क धरून तिच्यापाशी आली. "मावशी, हे पातळ का करतात हो?"

मावशीने तोंड उघडलं. मग तिने नव्या निदेशकाच्या टेबलाकडे पाहिलं आणि चिठ्ठीवरून अंगठा फिरवला.

"भिंतीवर लिहिलंय," ती म्हणाली. "सरांनी छान समजावलंय. वाच जा."