आधीच सांगितलेली वाईट बातमी

भोपाळच्या तुलसी नगरात आमच्या खालच्या मजल्यावर मंजूषा वैरागडे राहते. माहेर नागपूरचं, नोकरी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात, आणि काम लोकांना आजारांची माहिती देण्याचं. भिंतीवरची पत्रकं, रिक्षावरचे भोंगे, वस्त्यांमधल्या सभा, सगळं तिच्याकडे. अशी बाई बोलघेवडी असेल असं तुम्हाला वाटेल. छे! इतकी अळणी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. कुणाच्या लग्नाहून आली आणि विचारलं, "कसं झालं गं?" तर म्हणणार, "झालं. वरणात मीठ कमी होतं." कौतुक नाही की कुचाळकी नाही. आणि काहीही विचारा, ठरलेलं उत्तर: "अजून माहीत नाही, काकू. कळलं की सांगते." आमच्या कॉलनीत प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट माहीत असते. तिथे ही एकटीच बाई अशी, की जिला काही माहीत नसतं, आणि पगार मात्र माहिती देण्याचा घेते. मी तिची फार टिंगल केली आहे.

यंदा उन्हाळ्यात कॉलनीत कावीळ आली. आधी एका घरी, मग त्याच ओळीत चार घरी. पाणीपुरवठ्याचे एक साहेब आले, कोपऱ्यावरच्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं, फोटोवाल्यांसमोर गटागट प्यायले आणि म्हणाले, "पानी बिलकुल शुद्ध है, घबराने की कोई बात नहीं." त्याच आठवड्यात रस्ता खोदला, तर पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातून गेलेला आणि सांध्यावर फुटलेला. नळ बंद असायचा तेव्हा गटाराचं पाणी आत ओढलं जायचं, आणि नळ आला की आमच्या हंड्यात. साहेब पुन्हा दिसले नाहीत. पाइप बदलला, टाकीत क्लोरीन वाढवलं आणि नळाला उग्र वास येऊ लागला. गॅसची ती रात्र पाहिलेल्या या भोपाळात हवेला वास आणि वर 'घाबरू नका', हे दोन्ही एकत्र आलं की माणसं काय करतात ते मी वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात मागच्या ओळीतल्या एका पोरीचं पोटातलं बाळ गेलं. तिला कावीळ झाली होती. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर एका बाईचा आवाज फिरू लागला. हुंदके देत बोलत होती: "बहनों, टंकी में जो दवा डाल रहे हैं, उससे पेट का बच्चा नहीं बचता. मेरी बात मानो, नल का पानी मत पीना."

आणि माझी जुई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सहावा संपत होता.

तिने तो आवाज ऐकला आणि नळाचं पाणी सोडलं. आमच्या शेजारीण मंगलाताई, मनाच्या फार चांगल्या. त्यांनी देवळामागच्या बावडीतून, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीतून, रोज एक कॅन आणून द्यायला सुरुवात केली. थंडगार, गोड पाणी, वास म्हणून नाही. उकळायची काय गरज, देवाचं पाणी! मला बरं वाटत होतं असं नाही, पण नळाचं पी म्हणून तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

एका संध्याकाळी मंजूषा मंगलाताईंच्या ओट्यावर येऊन बसली. मला वाटलं, आता भाषण. तर हिने विचारलं, "तुम्ही काय काय ऐकून राहिल्या, ते सांगा मला." बस. बायका तुटून पडल्या. औषध बाद झालेलं आहे, कुठल्याशा कंपनीचं आहे, आमच्यावर प्रयोग करतात, तो साहेब प्यायला ते पाणी बाटलीतलं होतं. तिने एकदाही "खोटं आहे" म्हटलं नाही. शेवटी म्हणाली, "साहेबांनी तपासणीआधीच शुद्ध म्हटलं, ते चुकलं. तुम्हाला राग आला तो बरोबर आहे."

सरकारी माणसाने 'चुकलं' म्हटलेलं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग जुईने विचारलं, "आणि त्या मुलीचं बाळ?"

"त्या घराबद्दल मी बोलणार नाही. त्यांचं दुःख त्यांचं आहे. पण कावीळ कशी येते ते सांगते. घाण पाणी पोटात गेल्यावर ही कावीळ लगेच दिसत नाही. दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने. गरोदर बाईला ती फार जड जाते, म्हणून तर घाई आहे. औषध टाकलं त्याच्या खूप आधीपासून आपण सगळेच ते पाणी पीत होतो. टाकीत टाकतात तेवढ्या क्लोरीनने पोटातल्या बाळाला धोका नसतो. वास सहन होत नसेल तर खळखळ उकळ, वासही जातो. बावडीचं मात्र उकळल्याशिवाय पिऊ नको. त्याचा नमुना मी तपासायला देते."

जुई मान हलवत राहिली आणि घरी येऊन बावडीचंच प्यायली. भीती अशी एका संध्याकाळी जाते का?

दोन दिवसांनी डॉक्टर अंबरीश, मंजूषाचे साहेब, तिच्या दारात स्कूटर लावून उभे होते. हातात रिक्षावरून वाचायचा मजकूर. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, म्हणजे आधीच वाळलेले पुन्हा झटकत होते.

"मैडम, ये लाइन काट दीजिए," डॉक्टर म्हणाले. "'अभी और मरीज़ मिलेंगे'... लोग पहले ही डरे हुए हैं."

"सर, मरीज़ तो मिलेंगे ही," मंजूषा म्हणाली. "जिन्होंने पहले वो पानी पिया है, वो अगले दो महीने तक बीमार पड़ेंगे. हम आज नहीं बोले, तो उस दिन सब यही कहेंगे कि दवा डाली और पीलिया बढ़ गया. फिर हमारी कौन सुनेगा?"

डॉक्टरांनी कागद पुन्हा वरून खाली वाचला. माणूस वाईट नव्हता, त्याच्याही डोक्यावर कुणी बसलेलं असणार. शेवटी खिशातून पेन काढलं आणि ती ओळ न खोडता खाली सही केली. "ऊपर से फ़ोन आया तो मैं देख लूँगा," म्हणाले.

संध्याकाळी रिक्षा फिरली. पाइप दुरुस्त झाला आहे, पाणी उकळून प्या, जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा. मग ती ओळ: पुढचा महिना-दोन महिने नवे रुग्ण निघतील, औषध टाकूनही निघतील, कारण ते आधीच्या पाण्याचे असतील. किती निघाले ते रोज सहा वाजता चौकातल्या फळ्यावर लिहू.

माझं टाळकं फिरलं. तशीच खाली गेले. जुई माझ्या मागोमाग आली आणि दारातच तिने मंजूषाला विचारलं, "मला काही होणार नाही ना हो, ताई?"

आता या प्रश्नाला जगातली कुठलीही बाई काय म्हणेल? नाही गं बाळा, काही होत नाही! मंजूषा म्हणाली, "तसं मी म्हणू शकत नाही, जुई. उद्या रक्त तपासून घेऊ. भूक गेली, उलट्या झाल्या, लघवी गडद झाली, तर थांबायचं नाही, सरळ दवाखान्यात. रात्री-बेरात्री असेल तर मला उठव, मी गाडी काढते."

"अगं, दोन गोड शब्द बोलायला काय पैसे पडतात तुला?" मी ओरडलेच. "पोटुशी पोर आहे! तुझी ती तपासणी घाल चुलीत!" आणखीही बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. ती ऐकून घेत उभी राहिली. दार तिने लावलं नाही, मीच आपटून आले. रक्त मात्र दुसऱ्या दिवशी तपासलं. ठीक होतं. ठीक म्हणजे आजच्यापुरतं, हेही ती लगेच म्हणालीच.

फळ्यावरचा आकडा वाढायला लागला. आणि एका सकाळी आमचे हे दाढी करताना आरशात बघत म्हणाले, "अगं, माझे डोळे पिवळे दिसतात का?" हळदीसारखे दिसत होते. ह्यांना पीलिया, म्हणजे कावीळ, झाडणाऱ्याकडे जायचं होतं. हातावर चुना लावून धुतात, पाणी पिवळं होतं, माणूस खूश. मंजूषाने हसून उडवलं नाही. म्हणाली, "जायचं तर जा, काका, पण आधी डॉक्टर. आणि त्याची जडीबुटी पोटात घ्यायची नाही, यकृत आधीच दमलेलं आहे." हे डॉक्टरकडे गेले, विश्रांती घेतली, आणि झाडणाऱ्याकडे जायचा त्यांना आपोआप कंटाळा आला.

त्याच दिवशी फोनवर पुन्हा तोच आवाज आला: "देखा बहनों? दवा डालने के बाद मरीज़ बढ़े हैं."

मंगलाताईंनी तो ओट्यावर सगळ्यांना ऐकवला. ऐकवता ऐकवता मध्येच थांबल्या. "पण हे तर मंजूषाने आधीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "वाढतील म्हणून. रिक्षावरून सांगितलं होतं."

जुई उठली. आत जाऊन बावडीचा अर्धा भरलेला कॅन तिने उचलू नये तरी उचलला आणि मोरीत ओतून दिला. मग नळाचं पातेलं गॅसवर चढवलं. मंगलाताईंनी नवा कॅन आणला नाही, उलट घरोघरी "उकळलं का?" विचारत फिरू लागल्या, आणि त्यांच्यापुढे सरकारी रिक्षा म्हणजे काहीच नाही. बावडीच्या नमुन्याचा निकाल आला. खराब. मंगलाताई रडल्या. मंजूषा त्यांच्याजवळ बसून राहिली आणि म्हणाली, "तुम्ही वाईट मनाने आणलं नव्हतं." हेही तिने नुसतं समाधान म्हणून म्हटलं नाही, ते खरंच होतं.

आता आमचे दोन महिने त्या शेवटच्या कॅनपासून मोजायचे होते. ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. जुईने ताटातली पोळी परत केली की मी लगेच विचारायचे, भूक गेली का गं? रोज उजेडात नेऊन तिचे डोळे बघायचे. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, काही होत नाही हो, देव आहे. मी हसून चहा करायचे आणि एकीचाही शब्द मनाला चिकटायचा नाही. फळ्यावरचा आकडा आधी थांबला, मग उतरला, मग आठवडाभर नुसतं शून्य लिहिलं गेलं. हे काविळीतून उठले आणि पुन्हा माझ्यावर ओरडू लागले, म्हणजे बरे झाले.

जुईला नववा लागला होता. एका दुपारी मंजूषा जिना चढून आली, ऑफिसची पर्स खांद्यालाच. जुई न्हाणीत होती. मंजूषा बसलीही नाही.

"काकू, परवाचा रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे. आणि दिवसही उलटून गेले. त्या पाण्यातून आता तिला कावीळ होणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. इतके दिवस तिने तो कुणालाही दिला नव्हता, माझ्या शिव्या खाऊनही नव्हता दिला, आणि आज दिला. मी मटकन खाली बसले आणि पदर तोंडात धरून ढसाढसा रडायला लागले. दोन महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. मंजूषा माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

रडण्याचा आवाज ऐकून जुई केस टॉवेलात गुंडाळत बाहेर आली. मला तसं बघून तिचा चेहरा पांढरा पडला. "आई! काय झालं?"

"काही झालं नाही, जुई," मी म्हणाले. "काही झालं नाही."