तात्यांची अमावस्या

माझे सासरे धोंडीरामतात्या गावात कांद्यासाठी ओळखले जात नाहीत, अमावस्येसाठी ओळखले जातात. आमचं गाव चांदवडला लागून. इथल्या उपबाजारात अमावस्येला लिलाव बंद ठेवायची जुनी रीत अजून पाळतात. तात्यांचा आडाखा असा की बंदनंतर भाव पडतो, म्हणून माल अमावस्येच्या आधी विकायला काढावा. बरं, सांगतात कसे? पंचांग मांडीवर, चष्मा कपाळावर आणि आवाज वेशीपर्यंत. अर्धं गाव त्यांच्या शब्दावर कांदाचाळीत साठवलेला कांदा बाहेर काढतं.

मी नाशिकच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि शनिवार-रविवारी गावी येते. गेल्या उन्हाळ्यात मीच मोठ्या तोऱ्यात घरी सांगितलं, की महिनाअखेरीला शेअर बाजार वर जातो, तेव्हा दर महिन्याला चार दिवस आधी घ्यायचं आणि नव्या महिन्यात विकायचं. तात्यांनी चहा बशीत ओतला. "तपासलंस का?"

"सगळे म्हणतात," मी म्हणाले.

"सगळे म्हंजी कोन? पोरांना शिकवती ना तू?"

चडफडत मी तपासलं. एरवीच्या दिवसांपेक्षा महिनाअखेरचे दिवस किंचित बरे होते, पण दलाली आणि कर वजा जाता हाती काहीच उरत नव्हतं. तात्या दोन दिवस खूश. मला राग आला, म्हणून मी म्हटलं, "आता तुमची अमावस्या तपासू."

मला वाटलं, भडकतील. तर हा माणूस खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसला!

बाजार समितीचे रोजचे भाव मिळवले. जुन्या वर्षांवर नियम पारखायचा आणि अलीकडची वर्षं न बघता बाजूला ठेवायची, म्हणजे स्वतःलाच फसवायला नको, असं मी सांगितलं. तात्यांना ते इतकं पटलं की रुमालानं अर्धा स्क्रीन झाकूनच बसायला लागले. बंदच्या आदल्या लिलावाचा सरासरी भाव आणि नंतरच्या पहिल्या लिलावाचा भाव, एवढंच बघायचं. पहिला निकाल आला: भाव पडतो, आणि चांगलाच पडतो. तात्यांनी सासूबाईंना हाक मारून दोनदा सांगितलं.

मग स्क्रीनवर बोट ठेवून तेच थबकले. "निकिता, ही दिवाळीची अमावस्या हाय ना?"

होतीच. दिवाळीला बाजार आठवडाभर बंद, उघडतो तेव्हा नवा लाल कांदा येऊ लागलेला आणि चाळीतला जुना कांदा प्रतीला उतरलेला. त्या एका अमावस्येला भाव एवढा गडगडे की तिच्या जोरावर वर्षाच्या बाकी साऱ्या अमावस्या वाईट दिसत. आणि लोकांच्या लक्षात तीच राहायची. दिवाळी वगळून फक्त चाळीत टिकणारा उन्हाळ कांदा घेतला, तेव्हा पडझड जेमतेम उरली. ती इतर एका दिवसाच्या सुट्टीनंतरही तेवढीच दिसत होती, कारण साचलेल्या गाड्या एकदम येतात. त्या फरकासाठी घाईनं गाडी भरायची म्हणजे हमालीही सुटत नाही. रुमाल काढला. अलीकडच्या वर्षांतही तेच.

तात्यांनी रुमालाची घडी घातली. मला एकदम वाईट वाटलं. चाळीस वर्षांचा मान होता तो. श्रावणातली अमावस्या चार दिवसांवर होती आणि गावानं तात्यांच्या शब्दावर गाड्या सांगून ठेवल्या होत्या.

"तात्या, कुणाला नका सांगू हवं तर."

"का म्हनून?" ते उठले. "लोक घाईनं काढतील माल, माझ्यापायी!"

त्याच संध्याकाळी पारावर त्यांनी जाहीर केलं, की अमावस्येचा आडाखा खोटा. सांगताना इतके हसत होते, जणू दुसऱ्याच कुणाचं पितळ उघडं पडलंय. शेजारचे गोटीरामभाऊ म्हणाले, "तात्या, आता इचारायचं कुनाला?" तात्या म्हणाले, "आपल्या कांद्याला. टिकत असंल तर ठेवा, कोंब फुटत असंल तर काढा. तिथीला काय इचारता?" निम्म्यांनी गाड्या रद्द केल्या, निम्म्यांनी नाही.

त्या आठवड्यात मी रजा काढून गावीच थांबले. अमावस्या झाली, बाजार उघडला आणि भाव पडला. अगदी ठळक पडला.

मी घाबरून पार गाठला. गोटीरामभाऊ टाळ्या पिटत होते, "तात्या, तुमची अमावस्या खरी निघाली! काढा पंचांग!" लोक हसत होते, पण डोळ्यांत आशा होती, की तात्या आता हो म्हणतील. मान परत घ्यायला एक शब्द पुरेसा होता.

तात्यांनी चष्मा नाकावर घेतला. "येकदा पडला, गोटीराम. येकदानं काय हुतं? उद्या चढला तरी मी बराबर ठरत नाय, ध्यानात ठेव."

तिसऱ्या दिवशी भाव खरंच चढला. मी आनंदानं घरात ओरडत सांगितलं. तात्या ओसरीवर कांदे निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "येकदा चढला. तू पन शिकलीस नाय वाटतं अजून."

आणि असे खदखदून हसले की सासूबाई बाहेर आल्या. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला, की मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर कांदे निवडू लागले.