सील्या

चिंचवडच्या सयाजीला रहस्यकथा लिहिण्याचा भारी सोस. दिवसभर शाळेत कारकुनी आणि उरलेल्या वेळात कागदावर खून. पुण्याच्या प्रकाशकाने पहिलं हस्तलिखित परत धाडलं. 'काळा नाग', 'लाल पंजा' अशी गुंडांची नावं वाचून हसू येतं, म्हणाला.

सयाजी तडक बहिणीच्या नवऱ्याकडे, रंगरावकडे गेला. रंगराव आता पिंपरीच्या नव्या कारखान्यात सरळमार्गी कामगार होता, पण लढाईच्या काळात मालगाडीचे डबे फोडणाऱ्या टोळीत होता. हे बायकोलाही ठाऊक नव्हतं, फक्त सयाजीला.

रंगराव म्हणाला, टोपणनाव कुणी स्वतः घेत नाही. काम बघून इतर देतात, तेही बहुतेक फजितीवरून. घाईत दोन्ही डाव्याच पायाचे बूट उचलणारा जन्माचा 'डाव्या' झाला. खरं नाव टोळीत विचारायचं नाही, म्हणजे कुणी पकडला गेला तरी दुसऱ्याचं सांगणार काय? पोलिसांच्या वहीत मग 'उर्फ'च्या आधीची जागा कोरी राहते. रंगराव डब्याचं शिशाचं सील तोडून पुन्हा असं दाबायचा की चोरी पुढच्या ठेसनातच उघडकीस यायची. म्हणून तो 'सील्या'.

"त्या नावावर एका पहारेकऱ्याचं मरण हाय, पाव्हणं," तो म्हणाला. "मी मारला न्हाई, पर तितं व्हतो. ते नाव सोडा, बाकी काय बी लिवा."

सयाजीने इमानदारीने सगळं बदललं. गाव बदललं, ठेसन बदललं, माणसांची खरी नावं तर एकूण एक बदलली. टोपणनावं तेवढी ठेवली. शाळेच्या दाखल्यावर असतं ते नाव, बाकी गंमत, अशी त्याच्या कारकुनी डोक्याची समजूत. गाढवच म्हणायचं त्याला.

सत्तावन्न साली पुस्तक आलं. जुन्या खटल्याचे कागद सांभाळणाऱ्या एका फौजदाराने ते वाचलं आणि 'सील्या'वर त्याचं बोट थांबलं. त्याच्या वहीत ते नाव बारा वर्षं मालकावाचून पडून होतं. पुस्तकातल्या सील्याचा डावा अंगठा, रंगरावचा होता तसाच, तापल्या शिशाने भाजलेला. लेखक चिंचवडचा. पोलिसांनी लेखकाच्या सोयऱ्याधायऱ्यांचे अंगठे पाहिले, आणि रंगरावला कारखान्याच्या फाटकातूनच नेलं.

सयाजीने वकील केला, ही सारी कल्पना आहे अशी शपथ घेतली. कुणी ऐकलं नाही. जुना साथीदार डाव्या माफीचा साक्षीदार झाला होता. रंगरावला दहा वर्षांची सजा झाली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बहीण गोजाबाई दारात आली. ती रडली नाही, आत आली नाही. सयाजीला तिच्या तोंडाकडे बघवेना.

"दादा, समद्यांची नावं बदलली. ह्यांचं तेवढं बदलायला काय झालं हुतं?"

खोटं सांगायला त्याच्याजवळ काही उरलंच नव्हतं.

"ते नाव फार चांगलं होतं, गोजा."

ती दारातूनच घरी गेली.