नैवेद्याआधीचं मीठ

सासरी माझी ती पहिलीच महाशिवरात्र. उपासाची कच्च्या केळ्याची भाजी माझ्याकडे होती. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून पाण्यात ठेवल्या, तुपात जिरं-मिरची घालून वाफवल्या, वर शेंगदाण्याचं कूट घातलं. आणि मग आठवेना, सैंधव मीठ टाकलं की नाही.

आमच्याकडे नैवेद्याआधी चाखत नाहीत. हा नियम करणारा कधी चुलीपाशी उभा राहिला नसणार. सासूबाईंना विचारायची छाती नव्हती. खारट होण्यापेक्षा अळणी बरी म्हणून मी पुन्हा मिठाला हात लावला नाही.

नैवेद्य झाला. सासऱ्यांनी घास घेतला. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"लई चांगली झालीय," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. सासूबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"तू पाणी आणाया गेलतीस, तवा मी मीठ टाकलं," त्या हळूच म्हणाल्या. "मंग वाटलं, तू बी टाकलं असशील तर?"

"मग विचारलं कावून न्हाई?"

"नवी सून. रागावलीस म्हंजे?"